दागिन्याचं मूल्यांकन: एका अंगठीचे दोन आकडे, आणि चुकीचा आकडा उचलल्यावर काय होतं

व्हॅल्युअरच्या कागदावर अंगठीची किंमत १ लाख १९ हजार लिहिलेली असते आणि सराफ तिचे साठ हजारसुद्धा द्यायला तयार नसतो. पहिली शंका येते ती सराफाच्या नियतीची. पण बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात, कारण त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात. अंगठी हरवली तर तशीच नवी घ्यायला किती लागतील, हा व्हॅल्युअरचा प्रश्न. ही आज विकली तर हातात किती येतील, हा सराफाचा.

मूल्यांकन करून घेताना हेतू न सांगणं, ही सगळ्यात मोठी चूक. तुम्ही काही बोलला नाहीत, तर बरेचदा विम्यासाठीचा, म्हणजे नव्याने घेण्याचा आकडा लिहिला जातो.

हिशेब करून पाहू. १८ कॅरेटची अंगठी, एकूण वजन ४.२ ग्रॅम. त्यात मिळून १ कॅरेट हिरे, म्हणजे ०.२ ग्रॅम, निव्वळ सोनं ४ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरलं, तर १८ कॅरेटचा भाव ७,५०० होतो. सोन्याचे ३०,०००, हिऱ्यांचे दुकानभावाने ८०,००० आणि घडणावळ ६,००० धरू. वर ३ टक्के जीएसटी ३,४८०. एकूण १,१९,४८०.

आता तीच अंगठी विकायला न्या. घडणावळ आणि जीएसटी तिथेच गेले. सोनं आटवताना थोडी घट येते, आणि जुन्या हातघडणीत सांध्यांना लावलेल्या डाकामुळे कसही जरा उतरतो, म्हणून सोन्याचे धरा २८,७००. हिऱ्यांचे ३०,००० मिळाले तर एकूण ५८,७००. दोन आकड्यांतला फरक ६०,७८०, आणि त्यातले ५०,००० एकट्या हिऱ्यांचे. साध्या सोन्याच्या बांगड्यांना १२ टक्के घडणावळ आणि मोडीत २ टक्के घट धरली, तर हाच फरक १५ टक्क्यांच्या आसपास राहतो.

हिरे एवढे का पडतात? दुकानातल्या किमतीत दुकानाचा नफा असतो, हे उघडच आहे. पण दुसरं कारण ग्राहकाला सहसा ठाऊक नसतं. हिरेबाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याला माल जांगडवर मिळतो: आधी न्या, विकला तर पैसे द्या, नाही तर परत करा. ज्याला हवा तो हिरा रोख न गुंतवता मिळतो, तो तुमच्या हिऱ्यात पैसे अडकवणार असेल तर भाव पाडूनच मागणार. बारीक हिऱ्यांची गत आणखी वाईट. ते बैठकीतून काढायचे, फुटके बाजूला करायचे, चाळणीवर मापाप्रमाणे निवडायचे. ही मजुरी इतकी होते की कित्येक सराफ त्यांचं काहीच धरत नाहीत. आणि हिरा प्रयोगशाळेत तयार केलेला निघाला, तर वरचे ३०,००० विसराच.

चुकीचा आकडा सर्वांत महाग पडतो तो वाटणीत. आईची ही अंगठी बहिणीने घेतली आणि विम्याच्या कागदावरून भावाला १,१९,४८० रोख मिळाले, तर भावाच्या हाती पूर्ण रक्कम आली आणि बहिणीच्या हाती विकल्यास ५८,७०० येणारी वस्तू. अशा वेळी ‘खुल्या बाजारात विकल्यास मिळेल ती किंमत’ असं लेखी मागा. आयकरासाठीही हाच निकष लागतो.

उलट चूक विमा उतरवताना होते. मोडीच्या आकड्यावर विमा घेतला, तर भरपाईत नवी अंगठी येणार नाही. सोनं चढल्यावर पाच वर्षांपूर्वीचा कागद तसाच ठेवला, तरी तोच प्रकार. मुद्दाम फुगवलेल्या आकड्याचाही फायदा नाही. हप्ता जास्त जातो आणि दाव्याच्या वेळी कंपनी किंमत पुन्हा तपासू शकते.

‘एक्स्चेंजला सोन्याचे १०० टक्के’ ही पाटी दिसली, की तो आकडा विक्रीचा समजू नका. तो बहुधा त्याच दुकानाच्या बिलावर आणि नवा दागिना घेतला तरच मिळतो. त्या नव्या दागिन्यावर घडणावळ पुन्हा भरावी लागते. रोख किती, ते वेगळं विचारा.

कागद हातात आला की आधी वजनाची ओळ वाचा. एकूण वजन आणि निव्वळ सोनं वेगळं लिहिलेलं हवं. कुंदनकामात आतली लाखही वजनात भरते, आणि ती सोन्यात धरली तर आकडा फुकट फुगतो. हिरे बैठकीत असतानाच मोजले असतील, तर वजन मापांवरून काढलेलं, म्हणजे अंदाजाचं असतं आणि आतले डागही पूर्ण दिसत नाहीत. तसं कागदावर नमूद करून घ्या. सोन्याचा भाव कोणत्या तारखेचा, तोही लिहिलेला असावा. विकायचंच ठरलं, तर दागिना आणि मधल्या मोठ्या हिऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन दोन-तीन ठिकाणी सोनं आणि हिरे यांचे भाव वेगवेगळे मागा. एकत्र सांगितलेल्या आकड्यात हिऱ्यांचे शून्य धरलेत की कसं, ते कळत नाही.