व्हिसा आला म्हणजे ऑफर लेटर खरं, असं नसतं

कॅनडाची फाइल लावलेल्या घरात व्हिसा आला की गंगेत घोडं न्हालं असं मानतात. कागद खोटा असता तर तिथल्या सरकारने व्हिसा दिलाच नसता, हा त्यामागचा हिशेब. हाच हिशेब सगळ्यात महागात पडतो, म्हणून तो आधी.

२०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. बहुतेक पंजाबचे, आणि त्यांतल्या अनेकांच्या फायली जालंधरच्या एकाच ऑफिसातून गेलेल्या. त्यांची ऑफर लेटर, म्हणजे कॉलेजने प्रवेश दिल्याची पत्रं, बनावट होती, पण व्हिसा मात्र अगदी अस्सल. अनेकांनी पुढे दुसऱ्या कॉलेजात शिक्षण पूर्ण केलं, वर्क परमिटवर नोकरी केली, आणि पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज केल्यावर जुनं पत्र तपासलं गेलं तेव्हा बिंग फुटलं. म्हणजे तीन-चार वर्षांनी.

हे कसं शक्य झालं? तेव्हा व्हिसा अधिकारी प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेत नव्हता. त्याच्यासमोर कॉलेजचं नाव, कोर्स, फी आणि सही असलेला कागद यायचा. मुलगा उतरला की एजंटचा फोन यायचा, ‘त्या कॉलेजची सीट भरली, तू दुसरीकडे नाव घाल, फी परत देतो.’ आणि फी खरोखर परत मिळायची! म्हणून कुणाला संशयही आला नाही. पहिल्या कॉलेजला तर हा मुलगा आहे हेच माहीत नव्हतं.

१ डिसेंबर २०२३ पासून नियम बदलला. आता कॅनडाचं इमिग्रेशन खातं प्रत्येक पत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतं आणि कॉलेजला दहा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे निव्वळ बनावट पत्र आता बहुतेक वेळा व्हिसाआधीच पकडलं जातं. हा दिलासा खरा आहे, पण अर्धाच. पत्र खरं आणि त्यासाठी जोडलेली मार्कशीट किंवा बँक स्टेटमेंट खोटं, हा प्रकार या पडताळणीत सापडत नाही. कॉलेज म्हणणार, हो, पत्र आमचंच. आणि अर्जावर नाव तुमचं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद होतात. ‘एजंटने केलं, मला माहीत नव्हतं’ हे सहसा चालत नाही.

सीट भरल्याची गोष्टही आता वेगळी झाली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं असेल तर नव्या स्टडी परमिटचा अर्ज करावा लागतो. तेव्हा ‘तिथे गेल्यावर बदलू’ असं आधीच सांगणारा एजंट तुम्हाला पहिल्याच दिवशी नियम मोडायला सांगतोय. कॉलेज प्रवेश खरोखर पुढच्या सत्रात ढकलतं तेव्हा नवी तारीख घातलेलं सुधारित पत्र स्वतः देतं. फोनवरच्या निरोपाला किंमत नाही.

मग पत्र तपासायचं कसं? कागदाकडे बघून नाही. लोगो, शिक्का, स्पेलिंगच्या चुका शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या पत्रांनी अधिकाऱ्यांनाही चकवलं होतं. पत्रावरचा स्टुडंट नंबर घ्या. कॉलेजची वेबसाइट स्वतः शोधून उघडा, एजंटने पाठवलेल्या लिंकवरून नको. तिथल्या स्टुडंट पोर्टलवर लॉगिन होतं का, कोर्स आणि सुरू होण्याची तारीख जुळते का, भरलेली फी जमा दिसते का, हे पाहा. मग त्याच वेबसाइटवर दिलेल्या अ‍ॅडमिशन विभागाच्या पत्त्यावर मेल करा: नाव, जन्मतारीख, स्टुडंट नंबर आणि एकच प्रश्न, हे पत्र तुम्ही दिलं आहे का? पत्रावर छापलेल्या मेलवर विचारू नका, तो पत्ताही एजंटचाच असू शकतो. पोर्टलचा पासवर्ड ‘आमच्याकडेच राहतो’ असं ऐकलं की तिथेच थांबा.

हीच गोष्ट सरकारी वेबसाइटवरच्या तुमच्या ऑनलाइन खात्याची. व्हिसाचा अर्ज GCKey खात्यातून जातो आणि बरेच एजंट ते स्वतःच्या मेलवर उघडतात. शंका आली की अधिकारी खुलासा मागणारं पत्र त्याच खात्यात पाठवतो, मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि मुलाला त्याचा पत्ताच नसतो. खातं तुमच्या मेलवर, तुमच्या मोबाइलवर उघडा. एजंट फॉर्म भरून देत असेल तर IMM 5476 या फॉर्मवर त्याचं नाव यायला हवं. पैसे घेऊन व्हिसाचं काम करायचं असेल तर सहसा कॅनडातला वकील किंवा तिथला परवानाधारक सल्लागार लागतो. त्या सल्लागाराचा नंबर R या अक्षराने सुरू होतो आणि परवाना देणाऱ्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत तपासता येतो. भिंतीवरचं ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ हे सर्टिफिकेट नीट वाचा. परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्यांची असते, कॉलेज प्रवेशाशी तिचा संबंध नाही.

आता पैसे. ‘सगळं मिळून २७ लाख’ असं पॅकेज कधीही मान्य करू नका. चार रकाने पाडायला लावा: कॉलेजचे, सरकारचे, तुमचेच, आणि एजंटचे. समजा पहिल्या वर्षाची फी १७,००० डॉलर आहे आणि कॅनडाचा डॉलर ६२ रुपये धरला, तर कॉलेजचे १०,५४,००० झाले. स्टडी परमिटचे १५० आणि बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर, म्हणजे सरकारचे १४,५७०. जीआयसीचे, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच ठेवायच्या ठेवीचे, २२,८९५ डॉलर म्हणजे १४,१९,४९०. पण हे तुमच्याच नावावर तिथल्या बँकेत राहतात आणि वर्षभरात हप्त्याने परत मिळतात. हा खर्च नव्हे, तरी पॅकेजमध्ये तो खर्च म्हणूनच मिरवतो. बेरीज २४,८८,०६०. उरलेल्या २,११,९४० रुपयांचं काय? मेडिकल आणि इंग्रजीच्या परीक्षेला त्यातले थोडेच लागतात. बाकीचं त्याने लिहून द्यावं.

शिवाय डॉलरचा भाव. ६२ च्या जागी ६४ लावला तर फी आणि जीआयसी मिळून ७९,७९० रुपये जास्त जातात, आणि पावतीवर ‘सर्व्हिस चार्ज शून्य’! फ्री कन्सल्टन्सी म्हणजे लबाडीच असं मी म्हणत नाही, बऱ्याच ठिकाणी कॉलेज एजंटला कमिशन देतं आणि ते उघड आहे. पण जिथे कमिशन जास्त तेच कॉलेज ‘तुमच्या प्रोफाइलला सूट होतं’, हेही तितकंच उघड आहे. सुचवलेल्या कोर्सवर नंतर वर्क परमिट मिळतं का, हे इमिग्रेशन खात्याच्या यादीत स्वतः बघा. त्यापेक्षा थेट कॉलेजला अर्ज करा, असं माझं मत. फॉर्म वाटतो तितका अवघड नसतो.

फी आई-वडिलांच्या किंवा स्वतःच्या खात्यातून थेट कॉलेजकडे, किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर दिलेल्या पेमेंट सेवेतूनच पाठवा. ‘आमच्या कार्डवरून भरतो, तुम्ही कॅश द्या’ यात एक खोच आहे. व्हिसा नाकारला गेला तर कॉलेज ठरलेली रक्कम कापून उरलेले पैसे ज्याने भरले त्याला परत करतं. म्हणजे एजंटला. मग तुम्ही त्याच्या ऑफिसचे उंबरे झिजवायचे.

पैसे गेल्यावर कळलं तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. चॅट, पावत्या, ऑडिओ काहीही डिलीट करू नका. व्हिसा आला आहे पण कॉलेज म्हणतंय की पत्र आमचं नाही, असं असेल तर तिकीट काढलेलं असलं तरी विमानात बसू नका. आधी परवानाधारक सल्लागाराला गाठा. आणि तो त्याच एजंटने सुचवलेला नसावा.