स्वेटरची ऊब शब्दांत कशी उतरवावी

हिवाळी कपड्यांच्या पहिल्या जाहिरातीत ‘मऊ, उबदार, आरामदायक’ लिहू नका. हे शब्द चादरीलाही लागू पडतात आणि ग्राहकाच्या अंगाला काहीच जाणवत नाही. आधी कपडा दहा मिनिटं स्वतः घाला आणि ऊब नेमकी कुठे लागते ते टिपा: मानेला, मनगटाला की पाठीला. मग ती जागा आणि थंडीची वेळ एका वाक्यात जोडा.

समजा, नाशिकच्या ग्राहकासाठी आतून ब्रश केलेल्या २८० जीएसएम फ्लीसचं जॅकेट आहे. ‘थंडीत उबदार’ऐवजी असं लिहा: ‘पहाटे गंगापूर रोडवर स्कूटरवर निघालात, की गार वारा आधी गळ्याशी शिरतो. चेन हनुवटीपर्यंत ओढा. आतली लव मानेला टेकते आणि अडकलेली हवा हळूहळू तापते.’ शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण फ्लीस स्वतः तापत नाही, अंगाची उष्णता धरून ठेवतं. म्हणून ‘घालताच गरम’ लिहिलंत तर ते खोटं ठरेल.

नाशिकची थंडी पहाटेची. दुपारी ऊन चटकतं. तेव्हा पुढची ओळ हीच हवी: ‘अकरा वाजता काढून कमरेला बांधा.’ निफाडच्या कडाक्याला हे एकटं पुरेल असं मात्र सुचवू नका. आत पूर्ण बाह्यांचा बनियन घाला, असं सरळ सांगा. लोकर टोचत असेल तर ‘मखमली’ नको. अशा शब्दांमुळेही कपडे परत येतात.