संभाव्यता 1.3 येत होती: तुकड्यांत दिलेल्या घनता फलनाचा माझा अनुभव

घनता फलन असे होते: 0 ते 1 मध्ये `f(x) = kx²`, 1 ते 2 मध्ये `f(x) = k(2−x)`, इतरत्र शून्य. X ही 1/2 आणि 3/2 यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता हवी होती आणि माझे उत्तर 1.3 येत होते.

`f(1) = 1.2` पाहून मी आधी k वरच संशय घेतला, पण घनतेची किंमत 1 पेक्षा जास्त असू शकते. क्षेत्रफळ असू शकत नाही. मग 0 ते 2 पर्यंत केवळ `x²` घेऊन `k = 3/8` काढला. त्याने उत्तर सुमारे 0.41 आले, जे दिसायला निर्दोष असल्यामुळे अधिक घातक होते. यात एक संध्याकाळ वाया गेली.

खरी चूक अशी होती की 1 ओलांडल्यानंतरही मी `x²` चेच इंटिग्रेशन करत होतो. म्हणून प्रथम दोन्ही तुकड्यांचे क्षेत्रफळ मिळवून k काढला आणि नंतर हवा असलेला अंतरालही 1 पाशी तोडला:

```
k(1/3 + 1/2) = 1         →  k = 6/5
1/2 ते 1 :  ∫x² dx      = 7/24
1 ते 3/2 :  ∫(2−x) dx   = 9/24
P = (6/5)(16/24) = 0.8
```

पडताळा म्हणून उरलेल्या दोन टोकांचीही क्षेत्रफळे काढली. डावीकडे 0.05 आणि उजवीकडे 0.15 मिळाले, आणि 0.8 धरून बेरीज बरोबर 1 झाली. k चुकीचा असता, तर ही बेरीज जुळली नसती.