साप्ताहिक अहवालासाठी मॅक्रो लिहावा का, आणि लिहिल्यास त्याची नोंद कशी ठेवावी

तीन विभागांच्या मागणी-याद्या दर सोमवारी एकत्र करून, दुबार नोंदी काढून बेरजा मांडण्यास 45 मिनिटे लागतात असे समजू. एक्सेलमध्ये हे काम आपोआप करणारा मॅक्रो लिहिण्याआधी सलग चार आठवडे ते हातानेच करावे आणि प्रत्येक पायरी, तिला लागलेला वेळ व जिथे स्वतः निर्णय घ्यावा लागला ती जागा लिहून काढावी. संशयास्पद नोंदी पाहण्याची 10 मिनिटे माणसाकडेच राहणार असतील, तर वाचतात 35 मिनिटे, म्हणजे 50 आठवड्यांत सुमारे 29 तास.

मॅक्रो लिहून तपासण्यास 12 तास लागले, तर हा व्यवहार फायद्याचा दिसतो. मात्र याद्यांमधील स्तंभ दर दोन महिन्यांनी बदलत असतील आणि प्रत्येक दुरुस्तीला तीन तास जात असतील, तर वर्षाला आणखी 18 तास लागतात आणि पहिल्या वर्षी हाती काहीच उरत नाही. म्हणून वाचणाऱ्या वेळेपेक्षा येणाऱ्या फाइलची स्थिरता मी आधी पाहतो. केवळ फाइली जोडायच्या असतील, तर एक्सेलमधील पॉवर क्वेरी पुरते आणि मॅक्रोची गरजच पडत नाही.

मॅक्रो रेकॉर्ड केल्यास त्यात बहुधा `A2:F120` असा ठराविक पट्टा बसतो. पुढे यादी 140 व्या ओळीपर्यंत गेली, की शेवटच्या 20 ओळी गाळल्या जातात आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. अहवाल नेहमीसारखाच नीटनेटका दिसतो, आणि धोका नेमका त्यातच आहे. त्यासाठी शेवटची ओळ दर वेळी शोधावी:

```
lastRow = Cells(Rows.Count, "A").End(xlUp).Row
```

येथे "A" च्या जागी शेवटच्या नोंदीतही कधी रिकामा न राहणारा स्तंभ निवडावा. शिवाय मूळ याद्यांतील एकूण ओळींमधून काढलेल्या दुबार नोंदी वजा केल्यावर उरणारी संख्या अहवालातील ओळींशी जुळते का, हे मॅक्रोनेच तपासावे व जुळत नसल्यास थांबावे. मॅक्रोने केलेले बदल सहसा `Undo` ने मागे घेता येत नाहीत, त्यामुळे तो नेहमी मूळ फाइलच्या प्रतीवर चालवावा. फाइल `.xlsm` म्हणून जतन करावी, कारण `.xlsx` मध्ये मॅक्रो टिकत नाही.

नोंद वेगळ्या दस्तऐवजात ठेवली, तर ती लवकरच हरवते. म्हणून ती त्याच वर्कबुकच्या पहिल्या पानावर असावी. कोणती फाइल कुठून येते, स्तंभांची अपेक्षित नावे व क्रम, दुबार नोंद कशाला म्हणायचे, शेवटचा बदल केव्हा व का झाला, आणि मॅक्रो बंद पडल्यास हाताने काम कसे पूर्ण करायचे, हे तिथे लिहावे. यातील शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, पण अहवालाच्या दिवशी अडलेल्या सहकाऱ्याला सर्वांत आधी तोच लागतो. आपण सुरुवातीला लिहून काढलेल्या पायऱ्या येथे जवळजवळ तशाच वापरता येतात.

त्यानंतर तीन आठवडे हातचा व मॅक्रोचा अहवाल शेजारी ठेवून बेरजा ताडाव्यात. चौथ्या आठवड्यात केवळ ही नोंद हाती देऊन सहकाऱ्याला अहवाल तयार करू द्यावा, स्वतः काहीही सांगू नये, आणि तो जिथे थांबेल किंवा प्रश्न विचारेल ती प्रत्येक जागा नोंदीत भरून काढावी.