'टाइमपास'वर थांबू नका: शॉर्ट व्हिडिओंच्या अभ्यासात या चुका टाळा

जळगावच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आधी वीस जणांकडून चाचणी म्हणून फॉर्म भरून घेतले. 'रील्स का बघता?' या प्रश्नाखाली परदेशी प्रश्नावलीतून उतरवलेली कारणं होती, प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. बहुतेकांनी 'टाइमपास'ला ५ दिले. तिला वाटलं, निष्कर्ष हाती आला. मला वाटलं, अभ्यास अजून सुरूच झालेला नाही.

असे अभ्यास ज्यावर उभे असतात तो उपयोग आणि तृप्तीचा सिद्धांत, म्हणजे लोक आपल्या गरजा भागवण्यासाठी माध्यमं निवडतात हा विचार, कॅट्झ, ब्लुमलर आणि गुरेविच या संशोधकांनी १९७०च्या दशकात नीट मांडला. आपल्याला काय हवं ते प्रेक्षकाला कळतं आणि सांगताही येतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. शॉर्ट व्हिडिओंच्या बाबतीत नेमकं हेच डळमळतं, कारण पुढचा व्हिडिओ अ‍ॅपच लावतं. मग माणूस सगळ्यात सोपा शब्द देतो. त्या 'टाइमपास'मागे कंटाळा असतो, एकटेपणा असतो, अभ्यासाची टाळाटाळही असते.

म्हणून 'साधारणपणे का बघता?' असं विचारू नका. शेवटच्या वेळेबद्दल विचारा: काल अ‍ॅप उघडलं तेव्हा कुठे होतास? त्याआधी काय करत होतास? काय बघायचं मनात होतं? बंद करताना काय मिळालं होतं?

पोलीस भरतीसाठी धुळ्यात खोली करून राहणाऱ्या नंदुरबारच्या एका मुलाला तिने हे विचारलं. ग्राउंडवरून आल्यावर त्याने १६०० मीटर धावण्याचा व्हिडिओ शोधला होता. पुढे अर्धा तास मात्र अहिराणी विनोदी व्हिडिओच बघत बसला. "घरना मानसं बोलतस असं वाटनं," तो म्हणाला. मनात माहिती होती, मिळालं घर. जुन्या फॉर्मवर त्यानेही 'टाइमपास'ला ५च दिले होते.

शोधलेली तृप्ती आणि मिळालेली तृप्ती वेगळी मोजायला हवी, हे पामग्रीन आणि रेबर्न यांनी टीव्हीच्या काळातच दाखवून दिलं होतं. त्यासाठी विधानांच्या जोड्या करा: 'नवीन माहिती मिळावी म्हणून मी अ‍ॅप उघडतो' आणि 'अ‍ॅपवर मला नवीन माहिती मिळते'. दोन्हींत शब्द शक्यतो तेच ठेवा, नाहीतर फरक तृप्तीचा की वाक्याचा, ते कळणार नाही. 'मजा येते आणि ताण जातो' असं विधान तर घालूच नका. त्यात दोन प्रश्न आहेत आणि उत्तर एकच.

त्या मुलाचं कारण परदेशी यादीत नव्हतंच. आपली बोली ऐकायला मिळणं हे 'मनोरंजना'त ढकललं की खानदेशातली खास गोष्ट हरवते. म्हणून आधी आठ-दहा जणांशी बोला, त्यांच्याच शब्दांत विधानं लिहा, मग फॅक्टर अ‍ॅनालिसिस करा, म्हणजे कोणत्या विधानांना लोक सारखे गुण देतात ते बघून त्यांचे गट पाडा. त्यासाठी प्रत्येक विधानामागे किमान पाच ते दहा उत्तरदाते असावेत असा ढोबळ नियम आहे. तीस विधानं असतील तर शंभर फॉर्म पुरणार नाहीत.

आणि रोज किती तास बघता, हे आठवणीवर सोडू नका. मोबाइलमधला स्क्रीन टाइम त्यांनाच उघडायला सांगा आणि तो आकडा लिहून घ्या.