मेलमधल्या दोन कौतुकांच्या मधलं वाक्य

हिंजवडीतल्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा असा मेल येतो: "डेमो छान झाला. फक्त पुढच्या वेळी आकडे क्लायंटकडे जाण्याआधी एकदा बघून घेतले तर बरं होईल. बाकी तुझा उत्साह असाच राहू दे!" वाचणारा खूश होऊन घरी जातो आणि अप्रेझलच्या वेळी त्याला धक्का बसतो.

असा मेल आला की तो कोऱ्या पानावर कॉपी करा आणि कौतुकाची वाक्यं खोडा. उरलेल्या वाक्यातून "फक्त", "एकदा", "तर बरं होईल" हे मऊ शब्द काढा. मग उरतं ते असं: आकडे न तपासता क्लायंटकडे गेले. खरा निरोप हाच आहे.

कुठलं वाक्य महत्त्वाचं, हे तपशिलावरून कळतं. "छान", "उत्साह" कुणालाही लागू पडतं. आकडे आणि क्लायंट मात्र नेमक्या कामाबद्दल आहेत. "तिसऱ्या स्लाइडवरची तुलना पटली" असं कौतुक असेल तर ते खरं धरा, खोडू नका. आणि "पुढच्या वेळी" दिसलं की समजा, या वेळी काहीतरी चुकलंय.

उत्तरात नुसतं "थँक यू" लिहू नका, कारण तेवढ्यावरून मुद्दा पोचला की नाही ते साहेबांना कळत नाही. असं लिहा: "आकडे न तपासता गेले, ही माझी चूक. नेमका कुठला आकडा चुकला होता? यापुढे पाठवायच्या आदल्या दिवशी तुम्हाला दाखवतो." त्यावर साहेबांच्या उत्तरात विशिष्ट आकडा आला, तर तुमचा अंदाज बरोबर होता.