पोटरीचा घेर मोजताना या चुका टाळा, संध्याकाळी घेतलेलं माप फसवतंय

वयस्कर माणसाचे स्नायू कमी झालेत काय, म्हणजे डॉक्टर ज्याला सार्कोपेनिया म्हणतात ते सुरू झालंय काय, याचा पहिला अंदाज साध्या टेपनं घरीच घेता येतो. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलेल्या मापानुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंमीपेक्षा आणि बायकांत ३३ सेंमीपेक्षा कमी असला तर पुढची तपासणी करायला पाहिजे. आकडा सोपा आहे, पण टेप फक्त घेर सांगतोय, आत मांस आहे, चरबी आहे का पाणी हे त्याला कळत नाही, आणि सगळा घोटाळा इथंच होतोय.

उदाहरण म्हणून खानापूर भागातल्या ६८ वर्षांच्या एक आजी धरूया. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू, दिवसभर उभ्यानं काम. नातीनं संध्याकाळी पोटरी मोजली, ३४.५ आली, म्हणजे सगळं ठीक असं वाटलं. पण अ‍ॅम्लोडिपिननं बऱ्याच जणांचे पाय सुजतात, नि उभं राहून दिवसभराचं पाणी खाली उतरतंय ते वेगळंच. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरा, काढल्यावर खड्डा राहिला तर त्या मापावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या परत मोजलं तर ३२.४. सूज रात्रीत उतरतच नसली तर पोटरीचं माप सोडूनच द्या, पण म्हणून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर टेप बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

आता या दोन सेंमीनं काय बिघडतंय ते बघा. चाळणीसाठी पाच प्रश्न असतात, त्याला सार्क-एफ म्हणतात: साडेचार किलो वजन उचलून न्यायला, खोलीत इकडून तिकडं चालायला, खुर्चीवरनं उठायला नि दहा पायऱ्या चढायला किती त्रास होतोय आणि वर्षात किती वेळा पडलात. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ४ झाले की धोका. आजींना उचलणं, उठणं, पायऱ्या यांचा थोडा थोडा त्रास, म्हणजे ३ गुण, त्या चाळणीतनं सुटल्या. पण पोटरी कमी असली की १० गुण वाढवायची दुसरी पद्धत आहे, तिथं ११ ला धोका धरतात. सकाळच्या मापानं आजींचे १३ होतात, संध्याकाळच्या मापानं ३ च राहतात!

प्रश्न विचारतानाही चूक होतेय. "आज्जी, तांदळाची पिशवी उचलायला त्रास होतोय काय?" म्हटलं की आजी "नाही गं" म्हणणार, कारण ती पिशवी गेली दोन वर्षं सूनच उचलालीय. म्हणून "शेवटची कधी उचललीस?" असं विचारा.

मोजायचं बसवून, गुडघा काटकोनात, तळवे फरशीवर टेकलेले, सलवार किंवा धोतर वर सारून, उघड्या कातडीवर. टेप वर-खाली सरकवत सगळ्यात जाड जागा शोधायची, टेप आडवा ठेवायचा, रुतवायचा नाही. दोन्ही पाय मोजून मोठं माप धरतात, पण एकाच पायाला सूज असली तर ते मोठं माप म्हणजे सूजच. शिवणकामाचा जुना कापडी टेप ताणलेला असतो, तो आधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

दंडाचं काय, असं बरेच जण विचारतात. पाय सुजलेले असले तर दंड उपयोगी पडतोय, पण सार्कोपेनियासाठी दंडाच्या घेराचा सगळ्यांनी मान्य केलेला आकडा नाही. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध, हात सैल सोडून मोजतात. चरबी वजा करायची तर दंडाच्या मागच्या कातडीची घडी कॅलिपर नावाच्या मोजायच्या चिमट्यानं मोजून तिला ३.१४ नं गुणायचं नि घेरातनं काढायचं. २७ सेंमी दंड, घडी २ सेंमी, तर स्नायूचा घेर साधारण २०.७. दुसरीचा दंड २३, घडी ०.८, तर २०.५. नुसत्या टेपनं बघितलं तर पहिली धडधाकट नि दुसरी खंगलेली वाटेल, पण स्नायू जवळपास सारखाच.

म्हणून अंगानं जाड माणसाची पोटरी ३८ भरली म्हणून गप्प बसू नका, ताकद बघा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरनं, हात छातीवर घेऊन, पाच वेळा उठ-बस करायला लावा, बाजूला कुणीतरी उभं राहा (प्लास्टिकची खुर्ची शहाबादी फरशीवर सरकतेय, ती नको). १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा दवाखान्यात मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा नि बायकांत १८ पेक्षा कमी निघाली, तर संभाव्य सार्कोपेनिया धरून व्यायाम आणि खाणं सुधारायला लगेच सुरुवात करतात. पक्कं निदान मात्र डेक्सा या एक्स-रेच्या मशीनवर किंवा अंगातनं अगदी हलकी वीज सोडून मोजणाऱ्या बीआयए मशीनवर स्नायू मोजूनच होतंय.

पुढचं माप तीनेक महिन्यांनी, त्याच टेपनं, सकाळीच, शक्यतो त्याच माणसानं घ्यायचं. अर्ध्या सेंमीचा फरक पडला तर तो मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो, लगेच घाबरू नका किंवा खूशही होऊ नका, एक-दोन दिवसांनी परत मोजा.